बेरीज बरोबर, कोन चूक

ही गोष्ट मी खासगी मोजणीची कामे नुकतीच स्वतंत्रपणे घेऊ लागलो होतो तेव्हाची आहे. सिन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याला विहिरीपासून नव्या टाकीपर्यंत जमिनीखालून सरळ पाइप न्यायचा होता. जमीन जवळपास सपाट होती, परंतु विहीर आणि टाकी यांच्या मधोमध ओढा होता आणि त्याच्या दोन्ही काठांवर वेड्या बाभळीचे असे दाट रान माजले होते की एका टोकावरून दुसरे टोक दिसत नसे आणि टेपही आरपार जात नसे. बाभळी तोडायच्या, पण चर जाणार तेवढ्याच पट्ट्यातल्या, अशी मालकांची अट होती. तोडणारी माणसे मजुरीवर आलेली असल्यामुळे पट्टा कोणत्या दिशेने जाणार हे मला त्याच दिवशी दाखवायचे होते.

अशा वेळी ज्या जागेवरून दोन्ही टोके दिसतात अशी तिसरी जागा शोधतात. कांद्याच्या वावराच्या बांधावर तशी जागा मिळाली. तेथे मी थिओडोलाइट लावला आणि त्या बिंदूला फील्ड बुकात C म्हटले. विहीर A, टाकी B. पोलादी टेपने C पासून विहीर 64.00 मीटर आणि टाकी 136.00 मीटर भरली. मधला कोन यंत्राच्या दोन्ही बाजूंनी वाचून सरासरी काढली, ती 38°30′ आली. दोन बाजू आणि त्यांमधील समाविष्ट कोन मिळाला की त्रिकोण एकच संभवतो, हे शाळेत बाकोबा कसोटी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून मोजमाप संपले तेव्हा कामही संपल्यासारखेच मला वाटले.

बांधावर बसून मी कोसाइन नियमाने तिसरी बाजू काढली. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे A समोरची बाजू a, म्हणजे 136 मीटर, आणि B समोरची b, म्हणजे 64 मीटर.

```
c² = a² + b² − 2ab cos C
   = 18496 + 4096 − 17408 × 0.78261
   = 8968 (सुमारे)
c  = 94.70 मीटर
```

येथपर्यंत घोटाळ्याला जागाच नव्हती, कारण वर्गमूळ काढल्यावर अंतर एकच मिळते. पाइप किती लागेल हे मालकांना लगेच सांगता आले. चर विहिरीकडून सुरू व्हायचा होता, त्यामुळे मला आता विहिरीवरचा कोन हवा होता, आणि तो मी साइन नियमाने काढला. 136 ला 38°30′ च्या साइनने गुणून 94.70 ने भागले की 0.8940 येते. कॅल्क्युलेटरने त्याचा कोन 63°23′ दिला. उरलेला कोन काढण्यासाठी 180° मधून दोन्ही कोन वजा केले, तेव्हा टाकीवरचा कोन 78°07′ आला. सवयीने तिन्ही कोनांची बेरीज करून पाहिली. ती अर्थातच 180° भरली, आणि मी वहीत त्या बेरजेसमोर बरोबरची खूण केली.

यंत्र उचलून विहिरीवर लावले, C वर उभ्या केलेल्या रेंजिंग रॉडवर दुर्बीण रोखली, 63°23′ फिरवले आणि मदतनिसाला त्या रेषेत दांडी धरायला पाठवले. दुर्बिणीतून दिसत होते ते एवढेच की दांडी रेषेत आहे. ती कोठे उभी आहे याकडे माझे लक्ष नव्हते. मालकांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, विहिरीच्या कठड्यावर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "साहेब, पाइप ओढ्यापल्याड न्यायचाय ना? मग दांडी आमच्या कांद्यात कशापायी उभी केली?"

मान वर करून पाहिले तर दांडी खरोखरच वावरात होती, बाभळीच्या रानाला तिचा स्पर्शही नव्हता. त्या रेषेने मी पुढे गेलो असतो तर C आणि टाकी यांना जोडणारी रेषा C पासून अवघ्या 58 मीटरवर ओलांडली असती, टाकी मात्र 136 मीटरवर होती. पहिला संशय यंत्रावर गेला, कारण स्वतःच्या आकडेमोडीवर संशय घ्यायला त्या वयात वेळ लागतो. कोन पुन्हा वाचला, तो तोच होता. मग वही उघडली आणि तिन्ही बाजू त्यांच्या समोरच्या कोनांसह एकाखाली एक लिहिल्या. 64 मीटरच्या सर्वांत लहान बाजूसमोर 78°07′ चा सर्वांत मोठा कोन होता. असा त्रिकोण असूच शकत नाही.

चूक साइन नियमाची नव्हती. 63°23′ आणि 116°37′ या दोन्ही कोनांची साइन एकच, 0.8940 आहे. कॅल्क्युलेटर त्यांपैकी नेहमी लघुकोन दाखवतो, विशालकोनाची शक्यता आपण स्वतः तपासायची असते. बाकोबामुळे त्रिकोण एकच ठरतो हे खरेच होते, परंतु साइनवरून कोनाकडे परत येताना वाटेला फाटा फुटतो आणि मी चुकीच्या फाट्यावर गेलो होतो. बेरजेने मला सावध केले नाही याचे कारण तर अगदीच साधे होते. तिसरा कोन मी वजाबाकीनेच काढलेला, मग बेरीज 180° येणार नाही तर काय येणार? ती खूण मी माझ्याच वजाबाकीला दिली होती.

नव्या पानावर मी क्रम बदलला. आधी लहान बाजूसमोरचा, म्हणजे टाकीवरचा कोन घेतला. त्रिकोणात विशालकोन असलाच तर तो सर्वांत मोठ्या बाजूसमोरच असतो, त्यामुळे 64 मीटरसमोरचा कोन लघुकोन असणार यात शंका नाही आणि कॅल्क्युलेटरचे उत्तर तेथे डोळे झाकून घेता येते. 64 गुणिले 0.62251 भागिले 94.70 म्हणजे 0.4207, त्याचा कोन 24°53′. वजाबाकीने विहिरीवरचा कोन 116°37′ आला. पण वजाबाकीवरचा माझा विश्वास तोवर उडालेला होता, म्हणून तोच कोन कोसाइन नियमाने स्वतंत्रपणे काढला.

```
cos A = (b² + c² − a²) / 2bc
      = (4096 + 8968 − 18496) / 12122
      = −0.448
```

उत्तर ऋण आले की कोन 90° पेक्षा मोठा, तेथे दुसरा अर्थ निघत नाही. त्याचा कोनही 116°37′ च आला. खरे तर भागाकारापर्यंतही जायची गरज नव्हती. 4096 आणि 8968 यांची बेरीज 18496 पेक्षा कमी आहे एवढे पाहिले असते तरी पुरले असते. आणि तेही राहू द्या, विहिरीवर उभे राहून C कडे तोंड केले असते तर टाकी खांद्याच्या मागे येते हे कागदाशिवायही कळले असते. फील्ड बुकात हाताने काढलेल्या आकृतीत मी A जवळचा कोन लघुकोन काढून ठेवला होता, आणि नंतर जमिनीऐवजी त्या आकृतीवर विसंबलो होतो.

116°37′ फिरवल्यावर दांडी थेट बाभळीच्या तोंडाशी उभी राहिली. माणसांनी तोड सुरू केली. अशा कामात एका मिनिटाचा कोन 94.70 मीटरवर सुमारे पावणेतीन सेंटीमीटर सरकवतो, शिवाय टेपची चूक वेगळी. म्हणून ओढ्यापलीकडे हातभर फरक पडला तर पट्टा थोडा रुंद करू, असे मी मालकांना आधीच सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची बाभूळ पडली आणि विहिरीवरून टाकीच्या कोपऱ्यावरची खुंटी पहिल्यांदा दिसली. ती दुर्बिणीतल्या उभ्या तारेच्या डावीकडे सहा सेंटीमीटर होती. आबांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावून खात्री करून घेतली आणि मग कांद्यातले दांडीचे भोक पायाने बुजवून आले.