गंजाच्या बुडाशी

कोंढाळी मागे टाकून अमरावतीकडे निघालं की तळेगावपर्यंत ढाबे लागत जातात. त्यातल्या एकावर मी रात्रपाळीला भांडी घासायला लागलो, तेव्हा या रस्त्याला सहा नंबर म्हणत. आता पाटीवर 53 आहे, पण जुने ड्रायव्हर अजून सहा नंबरच म्हणतात. आज त्याच ढाब्यावर मी मुख्य आचारी आहे. मधल्या वर्षांत बढती अशी काही झाली नाही. कोणी सुट्टीवर गेलं, कोणी सोडून गेलं, की त्याची जागा सांभाळायची, एवढंच. पण एका रात्रीनं मला मोरीवरून भट्टीपुढे आणलं, ती सांगण्यासारखी आहे.

त्याआधी मोरीबद्दल थोडं. लोकांना वाटते, भांडी घासणाऱ्याला स्वयंपाकातलं काय कळते. उलट सगळ्यात आधी त्यालाच कळते. ताटात हाड परत आलं आणि त्याला मांस घट्ट चिकटून असलं, म्हणजे मटन कच्चं राह्यलं. वाटीत रस्सा संपला पण वरची तर्री तशीच बाजूला सारून ठेवली, म्हणजे तेल नीट सुटलं नव्हतं, वरून ओतलं होतं. आणि गंजाचं बूड तर सगळंच बोलते. पांढुरका, पापुद्र्यासारखा थर असला तर ज्वारीचं पीठ एकदम टाकलं आणि ढवळलं नाही. काळा, दगडासारखा ठिपका बरोबर मधोमध असला तर भट्टीची झळ एकाच जागी लागली. आमच्या डिझेलच्या भट्टीचा जाळ मधूनच जोरात यायचा आणि अ‍ॅल्युमिनियमचे गंज वर्षानुवर्षं घासून मधोमधच पातळ झालेले. राखेनं आणि तारेच्या घासणीनं तो ठिपका काढता काढता माझी बोटं सोलून निघायची, म्हणून तो का पडते याचा विचार मी आपोआपच करायला लागलो.

ती रात्र लग्नसराईतली. वस्ताद बहिणीच्या गावी तेरवीला गेले होते. नवरदेवाकडची पन्नासेक मंडळी वरातीची बस घेऊन एक वाजता जेवायला येणार, असा फोन शेठजींना आला होता. आठ किलो मटन होतं. दुसरा आचारी, आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, भट्टीवर एकटा. त्यानं मटन हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवून घेतलं आणि अळणी पाणी वेगळ्या बघोण्यात काढून ठेवलं, इथपर्यंत सगळं रीतीनं. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस यांचं वाटण तेलात परतून त्यात धणे, दगडफूल, मिरी, लवंग, जायपत्रीचा सावजी मसाला टाकला, मटन आणि थोडं अळणी घातलं, आणि शेवटी ज्वारीच्या पिठाची पेज. पेज पडली की रस्सा जड होते आणि वाटण तळाशी बसायला लागते. तेव्हापासून सराटा बुडापर्यंत फिरत राहावा लागते. पण तेवढ्यात दोन ट्रक लागले, भाऊ तंदूरकडे धावला.

मी मोरीवर बसलो होतो. पहिले वास आला. करपण्याचा नव्हे, त्याच्या आधीचा; खोबरं जास्त भाजल्यावर येते तसा गोडसर. करपट वास यायला अजून दोन-तीन मिनिटं असतात आणि जे करायचं ते त्याच मिनिटांत. मी हात पुसत भट्टीशी गेलो. वर रस्सा छान दिसत होता, तर्री आलेली, पण बुडबुडे मधोमध येत नव्हते, फक्त काठानं येत होते. मधे काहीतरी बसलं होतं.

भाऊ परत आला, त्यानं सराटा उचलला.

"भाऊ, हालवू नका. खाली लागलं."

"तुले काय समजते बे? गंज घास तू आपला."

"रोज तेच तं घासून राह्यलो. खरवडलं तं सगळं कडू होईन."

तो थांबला. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, तोवर वास त्यालाही आला होता. जाळ बंद केला. दोघांनी कापडानं धरून गंज खाली उतरवला, न हलवता. झाऱ्यानं वरचे पीस एकेक करून दुसऱ्या गंजात काढले, मग डावानं वरचा रस्सा, अलगद. बूड जवळ आलं तसा प्रत्येक डाव मी तळहातावर चाखून मगच ओतत होतो. चार बोटं रस्सा उरला तेव्हा जिभेच्या मागच्या बाजूला कडसर लागलं. तिथेच थांबलो. भाऊचा जीव तुटत होता, "अजून निघते बे", पण तो एक डाव सगळ्या गंजाची चव घेऊन गेला असता. साखर घाल, दही घाल, बटाटा टाक, हे उपाय लोक सांगतात. कडूपणा त्यानं झाकतो थोडासा, जात नाही. आणि दह्यानं सावजीचा सावजी राहत नाही.

आता रस्सा कमी पडत होता. पाणी ओतलं तर पातळ पडणार आणि थंड पाण्यानं तर्री मोडते. अळणी होतंच, ते उकळत ठेवलं. भाऊनं छोट्या कढईत तेल तापवलं, आलं-लसूण घातलं, आणि कढई जाळावरून खाली घेऊन मग तिखट टाकलं. लगेच डावभर अळणी. तिखट जाळावर टाकलं की काळं पडते आणि सगळ्या ढाब्याला ठसका लागते. उरलेल्या कांद्या-खोबऱ्याचं मूठभर वाटण त्यात परतलं, उकळतं अळणी घातलं आणि हे सगळं मोठ्या गंजात ओतून मंद जाळावर ठेवलं. पीठ पुन्हा घातलं नाही. सराटा माझ्या हातात होता. तेल परत वर यायला वीसेक मिनिटं लागली, तोवर वरातीतले पोट्टे बाहेर बसच्या टपावरच्या स्पीकरवर नाचत होते, त्यामुळं उशीर कोणाला समजला नाही.

ताटं मोरीवर आली तेव्हा हाडं चोखून साफ होती. पण दोघा म्हाताऱ्यांनी रस्सा अर्धा ठेवला होता. मी त्यांच्या वाटीतला चाखून पाहिला. कडू नव्हता, पण जरा धुरकट होता. म्हणजे पूर्ण वाचला नव्हताच. ज्याची जीभ तयार आहे त्याला ते समजलंच.

वस्ताद परत आल्यावर भाऊनंच त्यांना सांगितलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी फक्त कांद्याची पोती दाखवली. मग कांदा, मग तंदूर, मग कितीतरी वर्षं नुसता मसाला भाजणं, एकेक जिन्नस वेगळा, कारण खसखस आणि धणे एकत्र टाकले तर धणे भाजेपर्यंत खसखस जळते. पाटोडीचं बेसन घोटणं सगळ्यात शेवटी हाती आलं. वस्ताद गुडघ्यानं बसले आणि गावी गेले तेव्हा भट्टी माझी झाली.

पहिलं मी शेठजींकडं काय मागितलं असेल, तर जाड बुडाचे तीन गंज. ते म्हणाले, जुने काय वाईट आहेत? मी एक पातळ गंज उलटा करून त्यांना मधोमध अंगठ्यानं दाबून दाखवला, पत्रा आत गेला. त्यांनी एकच घेऊन दिला. त्यात आता मटन होते, आणि दाल जुन्याच गंजात, जाळ काठाकडे सरकवून, एका पोट्ट्याला सतत ढवळायला उभं करून.