काळं झालेलं बिल

जपून ठेवलेली बिलं पांढरी होतात आणि न जपलेली काळी. यातला पहिला अर्धा भाग मला आधीच माहीत होता. मागे एकदा मी सगळी बिलं प्लास्टिकच्या पाकिटात नीट लावून ठेवली होती, आणि क्लेम भरायला बसले तर निम्मे कागद कोरे. दुसरा अर्धा भाग यंदाच्या मे महिन्यात नागपूरच्या उन्हानं शिकवला.

मशिनमधून सरसर बाहेर येणाऱ्या त्या बिलात शाई नसतेच. कागदावर उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो आणि प्रिंटर जिथे चटका देतो तिथे अक्षर उमटतं. असा कागद भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिक्कीत दोन दिवस विसरला, की अख्ख्या कागदालाच चटका बसतो. माझं गडचिरोलीच्या लॉजचं बिल असं गेलं. हरवलं नव्हतं, हातातच होतं. फक्त वाचता येत नव्हतं. (प्लास्टिकचं उलट. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते अक्षरच पुसून टाकतं.)

मी लॅबच्या मशिन्स दुरुस्त करते. गडचिरोलीला एक आणि वडशाला एक, अशी दोन ठिकाणची कामं होती, दोन रात्रींचा मुक्काम. खर्च झाला २,५३० रुपये. घर ते गणेशपेठ स्टँड ऑटो जाता-येता १२० प्रमाणे २४०, एसटी १४५ प्रमाणे २९०, लॉज १,८००, आणि गडचिरोली-वडसा काळीपिवळीचे जाता-येता २००. जेवणाचा भत्ता ठरलेला असतो, त्याला बिल लागत नाही. आणि धड वाचता येईल असं बिल माझ्याकडे किती रुपयांचं होतं? १४५. परतीचं एसटीचं तिकीट.

पहिला अर्ज मी सगळेच लिहितात तसा लिहिला. ‘सदर प्रवासाची बिले गहाळ झाल्याने सोबत जोडता आली नाहीत, तरी रक्कम मंजूर व्हावी.’ अकाउंट्सच्या काकांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

“काळीपिवळीचं बिल गहाळ झालं म्हणता मॅडम? काळीपिवळीवाला बिल देते काय जी?”

खरंच की. जे बिल कधी जन्मालाच आलं नाही, ते मी हरवून बसले होते. एका वाक्यात मी चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या: जे मिळतच नाही, जे हरवलं, जे मिळून खराब झालं आणि जे मी मागितलंच नाही. आणि काकांना सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. एक कारण खोटं निघालं, की बाकीची तीन खरी असूनही संशयात येतात.

“एकेक रक्कम वेगळी लिहून आणा,” ते म्हणाले. “अन् प्रत्येकीसमोर सांगा, बिल काहून नाही.”

मग मी बसले. लॉजवाल्याला फोन केला. तो अगदी मोकळ्या मनाचा. “नवीन बिल पाठवतो ना, मॅडम. किती टाकू?” हा प्रश्न फार प्रेमानं विचारला जातो आणि तिथेच फसायला होतं. नवीन बिल म्हणजे नवा नंबर आणि आजची तारीख, म्हणजे मी गडचिरोलीहून परत आल्यावर आठ दिवसांनी तिथे मुक्कामाला होते, असा पुरावा. मी म्हटलं, नवीन नको, जुनंच परत काढा. तोच नंबर, तीच तारीख, वर ‘डुप्लिकेट’ लिहा आणि शिक्का मारा. शिवाय त्याच्या रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो मागितला, ज्यावर माझी आल्या-गेल्याची वेळ आणि सही होती. आधी बाकीच्या पाहुण्यांच्या ओळींवर कागद ठेवायला सांगितलं. कोण कुणासोबत कुठे उतरलं हे आमच्या अकाउंट्सला कळायचं काही कारण नाही.

जातानाचं एसटीचं तिकीट मात्र खरोखर हरवलं होतं. ऑफिसातल्या एका मित्राचा सल्ला तयारच होता. एसटीच्या साइटवरचं भाडं प्रिंट काढून लाव, काम झालं. साइटवर २९० दाखवत होतं. पण मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, माझे गेले होते १४५. पूर्ण भाडं लावलं असतं तर माझ्याच परतीच्या तिकिटानं मला उघडं पाडलं असतं, कारण त्यावर सवलतीचं भाडं छापलेलं होतं. शेवटी मी त्याच तिकिटाला साक्षीला उभं केलं. मार्ग तोच, गाडी साधीच, म्हणून जातानाचं भाडंही तेवढंच.

ऑटोचं जरा गमतीशीर आहे. जाताना मी फोनवरून पैसे दिले होते. त्या नोंदीत रक्कम, तारीख, पहाटे ५.४०ची वेळ आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो, पण पैसे कशाचे ते नसतं. नुसतं एका माणसाचं नाव. मी मावसभावाला १२० रुपये दिले असते तरी कागद असाच दिसला असता. म्हणून स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर पेनानं लिहिलं, ‘घर ते गणेशपेठ स्टँड, ऑटो’, आणि खाली सही केली. येताना फोन मेला होता. रोख दिले. नोंद नाही, काही नाही.

नवा अर्ज असा झाला, शब्दशः देते:

‘१. लॉज, १,८०० रु. मूळ बिल उन्हाने काळे पडले, ते सोबत जोडले आहे. त्याच क्रमांकाची दुसरी प्रत व रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला आहे. २. एसटी जाताना, १४५ रु. तिकीट हरवले. परतीचे तिकीट पाहावे. ३. काळीपिवळी, २०० रु. या वाहनात पावती मिळत नाही. दोन्ही ठिकाणचे सर्व्हिस रिपोर्ट जोडले आहेत. ४. ऑटो जाताना, १२० रु. पैसे दिल्याची नोंद जोडली आहे. ५. ऑटो येताना, १२० रु. पुरावा नाही.’

सर्व्हिस रिपोर्ट हा या सगळ्याचा कणा. त्यावर ग्राहकाची सही, शिक्का, तारीख आणि वेळ असते. सकाळी गडचिरोली आणि दुपारी वडसा अशी सही असेल, तर मधले पन्नासेक किलोमीटर मी उडत गेले नसणार, एवढं काकांनाही मान्य आहे. १०० रुपयेच दिले हे काही त्यातून सिद्ध होत नाही. पण त्या रस्त्याला काळीपिवळी किती घेते, हे आमच्याकडचे सगळेच फिरतीवाले सांगू शकतात.

काकांनी अर्ज दोनदा वाचला. काळं बिल उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “हे लावलं ते बरं केलं.” २,४१० मंजूर केले. पाचव्या ओळीवर लाल रेघ मारली. मला वाटलं होतं, इतक्या प्रामाणिकपणाचे १२० रुपये तरी मिळतील. “तुम्हीच लिहिलं ना जी, पुरावा नाही म्हणून,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळे कागद स्टेपल करायला घेतले आणि माझं एकुलतं एक धड बिल, ते एसटीचं तिकीट, बाजूला काढून माझ्या हातात दिलं.

“याची झेरॉक्स काढून आणा मॅडम. ऑडिटवाले येतपर्यंत हेही पांढरं होऊन जाते.”

बर्डीवर खाली उतरून झेरॉक्स काढली. दोन रुपये. बिल मिळालं नाही.