मामांची झोप आणि फोनवर गेलेली पंचवीस मिनिटं

त्या रात्रीला आता दोन महिने होतील, पण हॉस्पिटलच्या फोनवरचं ते वाक्य अजून कानातून जात नाही. "औषधानं झोप येणारच मॅडम. सकाळी ओपीडीला घेऊन या." सकाळपर्यंत थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

मामा म्हणजे माझे सासरे. वय ७४, शुगर जुनी, किडनी मंद असली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन १.८. श्रावणात त्यांना छातीवर नागीण उठली. पुरळ गेलं, पण आग राहिली. त्यासाठी आमच्या फिजिशियननी गॅबापेंटिन सुरू केलं, आधी रात्री ३०० ची एक गोळी, मग हळूहळू दिवसाला तीन. ते त्यांना चांगलं मानवलं होतं. दिवाळीनंतर ते मोरीत घसरले आणि मणका दबला. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली. ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातलं, म्हणजे ओपिऑइड वेदनाशामक. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या. दोन्ही एका टेबलावर कुणी ठेवल्याच नाहीत, मीसुद्धा नाही. औषधाच्या दुकानात फक्त नवीन चिठ्ठी दाखवली.

पहिल्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी मामा दुपारीही झोपले. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता कप कलंडला, चहा धोतरावर सांडला आणि त्यांना कळलंच नाही. गरम चहा होता. तिथंच मला खडबडून जागं व्हायला हवं होतं. संध्याकाळी भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून मान खाली गेली. हाक मारली की "व्हय व्हय" म्हणायचे, पण जीभ जड, शब्द ओढून यायचे, आणि वाक्य पुरं व्हायच्या आधी पुन्हा डोळे मिटायचे. दुखणं थांबल्यावर माणूस निवांत झोपतो हे खरं. पण त्या माणसाला हाक मारली की तो जागा होतो, धड बोलतो आणि मग झोपतो. बोलता बोलता झोप लागणं ही निराळी गोष्ट आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढची गोळी द्यायची का, हे विचारायला हवं होतं. मी रात्रीची दोन्ही औषधं दिली.

रात्री दहाला खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता, पण त्यात घुरघुर होती, घशात पाणी अडकल्यासारखी. मधेच आवाज बंद पडायचा आणि मग एकदम मोठा श्वास. खांदा हलवला, मोठ्यानं हाका मारल्या, तर नुसते कण्हले. आधी शुगर बघितली, कारण शुगर उतरली तरी माणूस असाच पडतो. १३४ होती. नवरा कागलच्या एमआयडीसीत रात्रपाळीला. मी हॉस्पिटलला फोन लावला.

समोरच्या बाईंनी पहिल्यांदा फाइल नंबर विचारला. फाइल कपाटात, कपाट मामांच्या खोलीत. नंबर सांगितला, तर हा हाडांचा विभाग, तिकडं जोडते म्हणाल्या. पाच-सहा मिनिटं नुसतं संगीत, मग फोन कट. दुसऱ्यांदा दुसऱ्याच माणसानं उचलला. पुन्हा फाइल नंबर, पुन्हा "काय त्रास आहे?" मी सांगितलं, उठत नाहीत, श्वास अडकतोय. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" दोन्ही नावं वाचून दाखवली. "दोन्ही गोळ्यांनी झोप येते, झोपू द्या." मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलायचंय. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. "ऑक्सिजन किती आहे?" कोरोनात घेतलेलं मशीन बोटाला लावलं, ९१. "मग ठीक आहे की. नव्वदच्या खाली गेला तर बघू." तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा मला ओपीडीची वेळ सांगितली.

या सगळ्यात एकानंही विचारलं नाही की मिनिटाला श्वास किती आहेत. हा प्रश्न मला शेजारच्या काकूंच्या सुनेनं विचारला. ती नर्स आहे, आवाज ऐकून धावत आली होती. तिनं मामांच्या पोटावर हात ठेवला आणि मला घड्याळ बघायला लावलं, पुरं एक मिनिट. आठ. जाग्या मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. ती म्हणाली, "वहिनी, फोन ठेवा आणि १०८ लावा." ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो, श्वास त्याआधीच मंदावलेला असतो, हे तिनं मला तिथंच सांगितलं. बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर तो आकडा आणखीनच फसवतो.

१०८ वर मात्र पहिलाच प्रश्न होता, हाक मारल्यावर जागे होतात का. पत्ता, श्वास, गोळ्या, एवढंच विचारून गाडी निघाली. तोवर तिनं मामांना कुशीवर वळवलं, वरचा गुडघा वाकवून पुढं टेकवला, हनुवटी थोडी वर, म्हणजे जीभ मागं पडत नाही आणि उलटी झाली तरी छातीत जात नाही. मी कोरी कॉफी करायला निघाले होते, तिनं अडवलं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. तिनं ओठ उलटून आतली बाजू बघितली. सावळ्या माणसाचे ओठ निळे पडलेले पटकन दिसत नाहीत, आतून मात्र राखाडी दिसतात. नखंही तशीच.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पापणी उघडून टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दोन्ही गोळ्यांची पाकिटं मी पिशवीत टाकून नेली होती, तुम्हीही न्या. अफूच्या वर्गातल्या औषधाचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन थोडं थोडं करून दिलं आणि काही मिनिटांत मामांनी डोळे उघडून पाणी मागितलं. मला वाटलं, सुटलो. तासाभरात पुन्हा गुंगी चढली. डॉक्टरांनी समजावलं की नॅलॉक्सोन फक्त ट्रामाडॉलवर चालतं, तेही गोळीच्या आधीच उतरतं, आणि गॅबापेंटिनवर त्याचा काहीच परिणाम नाही. म्हणून "उठले, चला घरी" असं करायचं नसतं. दोन रात्री ठेवून घेतलं.

कारण किडनीत होतं. गॅबापेंटिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे जातं. किडनी मंद असली की उतरायला कितीतरी वेळ लागतो आणि रोजची गोळी कालच्या गोळीवर चढते. पडल्यापासून मामांचं पाणी पिणं कमी झालं होतं, क्रिएटिनिन २.६ वर गेलं होतं. एकट्या गॅबापेंटिननं कदाचित नुसती झोप वाढली असती. त्यावर ट्रामाडॉल पडलं आणि श्वासच मंदावला. दोन्ही औषधं एकत्र देतात, देऊ नयेत असं नाही, पण मात्रा कमी लागते आणि पहिले तीन-चार दिवस, तसंच मात्रा वाढवल्यावर, माणसावर नजर लागते. दमा, बिडीनं खराब झालेली छाती, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, झोपेची गोळी, दारू, कोडीनचं खोकल्याचं औषध, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, यातलं काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घाबरून गॅबापेंटिन मनानं कायमचं बंदही करू नका. फार दिवस चालू असेल तर एकदम थांबवल्यावर झटके येऊ शकतात. गुंगी दिसली की पुढचा डोस थांबवायचा आणि लगेच विचारायचं.

मला विचाराल तर फरक इतकाच लक्षात ठेवा. पेंगतोय, बोलणं जड आहे, चालताना झोक जातोय, पण हाकेला नीट जागा होतो, तर त्याच दिवशी डॉक्टर. हलवूनही उठत नाही, श्वास दहाच्या खाली किंवा मधेच थांबतो, घशात घुरघुर, ओठ-नखं काळपट, यातलं एकही दिसलं तर १०८. तिथं हॉस्पिटलच्या फोनला जागा नाही.

हॉस्पिटलला मी लेखी अर्ज दिला आहे. मागणी दोनच ओळींची: गुंगीचा फोन आला तर फाइल नंबरच्या आधी "हलवल्यावर उठतात का" आणि "मिनिटाला श्वास किती" हे विचारा, आणि उत्तर वाईट आलं तर तिथल्या तिथं १०८ लावायला सांगा. अजून उत्तर आलेलं नाही, सोमवारी पुन्हा जाणार आहे.

मामांचं ट्रामाडॉल बंद आहे, गॅबापेंटिन रात्री १०० वर आलंय. काल झोपल्यावर पोटावर हात ठेवून मोजले, पंधरा होते.