आमची वाटचाल : गल्ला भरलेला, हात रिकामे

मिरजेतलं आमचं किराणा दुकान बाबांनी सुरू केलं, तेही स्वतःच्या जागेत. चार वर्षांपूर्वी मी सांगलीत भाड्याच्या जागेत दुसरं दुकान टाकलं. महिन्याची विक्री आठ लाखांवर गेली, मिरजेत सहा लाखच. मी खूश होतो. पण बँकेचा हप्ता भरायची वेळ आली की मिरजेच्या गल्ल्यातून पैसे उचलावे लागायचे.

आधी वाटलं, माल महाग पडतोय किंवा चोरी होतेय. म्हणून दोन्हीकडे महिनाअखेरीला माल मोजला. मिरजेत सुरुवातीचा साठा ४,१०,००० चा, महिन्याची खरेदी ५,३६,००० ची आणि शेवटी शिल्लक ४,३०,००० ची. म्हणजे विकलेला माल आम्हाला ५,१६,००० ला पडला. विक्री सहा लाख, तेव्हा ढोबळ नफा ८४,०००, शंभरामागे १४. सांगलीतही नेमके १४ च निघाले, म्हणजे १,१२,०००. खरेदीचा भाव, विक्रीचा दर, तूट यांत गडबड असती तर ती इथेच दिसली असती. मी उगाच पोरांवर संशय घेतला होता.

भोक खाली होतं. सांगलीत भाडं ३५,०००, तीन कामगारांचे ४२,०००, वीज १४,०००, कर्जाचं व्याज १३,०००. हाती उरले ८,०००, विक्रीच्या एक टक्का. मिरजेत सगळा खर्च ३६,०००, निव्वळ नफा ४८,०००, म्हणजे आठ टक्के.

मी हिशेबाची वही बाबांपुढे ठेवली आणि म्हणालो, ‘‘सांगली बंद करू या.’’ त्यांनी वही परत सरकवली. ‘‘मिरजेच्या खर्चात जागेचं भाडं कुठंय? आणि माझा पगार?’’

ते मी कधी धरलंच नव्हतं. तशी जागा भाड्याने दिली तर २०,००० सहज येतील, आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस २५,००० च्या खाली मिळणार नाही. ते वजा केल्यावर ४८,००० चे ३,००० उरले. ज्या दुकानाच्या जिवावर मी सांगलीला नावं ठेवत होतो, ते बाबांच्या फुकटच्या जागेवर आणि फुकटच्या श्रमावर उभं होतं. (सांगलीत मी स्वतः बसत नाही, म्हणून तिथे हा प्रश्नच आला नव्हता.)

सांगलीचं भाडं कमी होणार नव्हतं, मग ढोबळ नफाच वाढवायला हवा होता. साखर-तेलावर सुटतं थोडंसंच, तेही सगळे त्याच भावाने विकतात. म्हणून दर्शनी भागातले तेलाचे डबे मागे नेले आणि तिथे सुकामेवा, सुटे मसाले मांडले. सहा महिन्यांत ढोबळ नफा १६ टक्क्यांवर गेला. विक्री तेवढीच, पण महिन्याला १६,००० जास्त. निव्वळ नफा ८,००० चा २४,००० झाला.

मिरजेच्या वहीत आता दर महिन्याला बाबांचा पगार लिहिला जातो. ते तो घेत नाहीत, पण आकडा तपासतात.