‘कम्युनिकेशन’ला एकाचे चार, एकाचे दोन

ज्युनिअर डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतींसाठी गुणपत्रक तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा एचआरने जुना फॉर्म पाठवला. टेक्निकल, कम्युनिकेशन, अ‍ॅटिट्यूड, प्रत्येकी पाचपैकी. पाचपैकी म्हटलं की बरेच जण तीन देऊन मोकळे होतात, म्हणून मी कमाल चार केले. खरा घोळ वेगळाच होता, तो पहिल्याच दिवशी दिसला.

प्रश्न सगळ्यांना एकच. `orders` मध्ये ऑर्डरी, `payments` मध्ये आलेले हप्ते. निदान एक हप्ता आलाय अशा ऑर्डरींची एकूण किंमत काढा. पहिल्या मुलाने झटक्यात लिहिलं:

```sql
SELECT SUM(o.amount)
FROM orders o
JOIN payments p ON p.order_id = o.id;
```

हजाराची ऑर्डर दोन हप्त्यांत भरली असेल, तर जॉइननंतर तिच्या दोन ओळी होतात आणि बेरजेत ती दोन हजारांची धरली जाते. एरर येत नाही, आकडा गुपचूप फुगतो. तो फुगलेला आकडा त्याने फर्ड्या इंग्रजीत समजावून सांगितला.

नंतरची मुलगी इंग्रजीत अडखळत होती. पण कीबोर्डला हात लावण्याआधी तिने विचारलं, “मॅडम, एका ऑर्डरची दोन पेमेंट्स असू शकतात का?” मग जॉइनच्या आधी आणि नंतर `COUNT(*)` घेतला, ओळी वाढलेल्या पाहिल्या आणि जॉइन काढून `EXISTS` वापरलं.

कम्युनिकेशनमध्ये माझ्या सहकाऱ्याने मुलाला चार, मुलीला दोन दिले. मी बरोबर उलट. तो सफाई मोजत होता, मी प्रश्न विचारणं. काय मोजायचं, हे फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं.

मग तो रकाना मी मोडला. ‘आकड्याची खातरजमा’ वेगळी केली आणि प्रत्येक गुणासमोर काय दिसलं पाहिजे ते लिहिलं. एक म्हणजे आला तो आकडा तसाच दिला. दोन म्हणजे टोकल्यावर ओळी मोजल्या, पण कारण सापडलं नाही. तीन म्हणजे टोकल्यावर कारण शोधून दुरुस्ती केली. चार म्हणजे न टोकता केली. टोकायचं वाक्यही ठरवून दिलं: “हा आकडा बरोबर आहे हे कशावरून?” एवढंच. नाहीतर मवाळ मुलाखतकार अर्धं उत्तर स्वतःच देऊन टाकतो आणि वर मुलाचं कौतुक करतो. शेजारी उमेदवाराचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि चर्चेआधी गुण जमा करायचे. “मला माणूस पाच मिनिटांत कळतो” म्हणणाऱ्या सीनियरांना हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

एक वाद अजून मिटलेला नाही. सहकारी म्हणतो, क्लायंटच्या कॉलवर इंग्रजी लागतंच, मग त्याला रकाना हवाच. मी म्हणते, ज्युनिअरला पहिलं वर्षभर कॉलवर कोण बसवतं? तूर्तास तो रकाना आहे, पण त्याचे गुण बेरजेत धरत नाही. त्यावर सहकाऱ्याने अजून सही केलेली नाही.