सहाव्या भागात दुसरा कूलर आणला अन् अडकलो

एकाच घरात घडणाऱ्या विनोदी मालिकेचे दहा भाग लिहून मुंबईच्या एका निर्मिती संस्थेला पाठवायचे होते. घर आमच्याच दारव्ह्याकडच्या घरासारखं धरलं : ओसरी, स्वयंपाकघर, गच्ची आणि घरात मिळून एक कूलर. पहिले पाच भाग भराभर झाले. सहाव्यात आबा आणि सून यांचं कूलरच्या तोंडावरून जुंपतं. शेवटी मुलगा कापूस विकून दुसरा कूलर आणतो, सगळे हसतात. मी खूश!

तीन आठवड्यांनी भाग परत आला. शेरा एकच, ‘सातव्या भागाला काय उरलं?’ मी कूलरच्या जागी टीव्ही घातला, मग पाण्याची मोटर. दोन्ही वेळा तोच शेरा. इथे मेल पाठवायला गच्चीवर चढून रेंज शोधावी लागते, अन् त्यांना दुसरी ओळ लिहिणं जड! भयंकर चिडलो होतो. (पानं मोजायला मात्र आधीच शिका. बावीस मिनिटांच्या भागाचे मी चाळीस मिनिटांएवढे संवाद लिहिले होते.)

उलगडा घरीच झाला. दुपारी कूलर बंद करत बाबा म्हणाले, “बिल कोन भरते बे?” आई म्हणाली, “अन् ताट्या कोन भिजवते?” मग लक्षात आलं, भांडण कूलरचं नव्हतंच. एकाला वीज वाया गेलेली सोसत नाही, दुसरीला आपले कष्ट कोणी मोजत नाही हे. दुसरा कूलर आला तरी हे मिटत नाही. मी दर वेळी वस्तू बदलत होतो आणि शेवटी खोडच मिटवत होतो. भागाच्या शेवटी आजची अडचण सुटावी, स्वभाव तसाच राहावा. ‘साराभाई वर्सेस साराभाई’त समोरासमोरच्या दोन फ्लॅटांत सासूचा थाट आणि सुनेची काटकसर कधीच बदलत नाहीत, म्हणून ती जोडी पुरते.

मग सहावा भाग नव्यानं लिहिला. मे महिन्यातली दुपार. सून म्हणते, गच्चीवर कुरडया वाळत आहेत, राखण करा. आबा गुडघ्याचं दुखणं काढून टाळतात. तेवढ्यात पाहुणी येते. तिच्यापुढे मोठेपणा मिरवत आबा म्हणतात, “मले काई गरम नाई होत!” आणि कूलर तिच्याकडे वळवतात. पाहुणी उठायचं नाव घेत नाही. सून तिच्याशेजारी हवेत बसून लसूण सोलते. शब्दात अडकलेले आबा घाम लपवायला गच्चीवर जातात, लुगड्याच्या सावलीत बसतात आणि कुरडयांवरचे कावळे हाकलतात. रात्री पाहुणी जाते, कूलर पुन्हा आबांच्या खाटेकडे.

यातूनच सातवा निघाला : पाहुणीनं गावभर सांगितलं की आबांना कूलर लागतच नाही.

हो, पात्रं ठरवतानाच प्रत्येकापुढे त्याला काय सोसत नाही ते एका ओळीत लिहून ठेवा. मी ते सहाव्या भागानंतर केलं. या खेपेला शेरा आला, ‘आठवा कधी?’

आठवा लिहून राहिलो. आमचा कूलर बाबांनी आत्ताच बंद केला.