पांढरा मारला आणि खोली राखाडी झाली

गेल्या वर्षी आई कायमची आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि तिला दिलेल्या आतल्या खोलीला एकच खिडकी. त्या खिडकीसमोर जेमतेम आठ फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत, फिकट हिरव्या रंगाची. ऊन कधीच आत येत नाही. दुपारी बारा वाजताही ट्यूब लावावी लागते.

रंगारीदादा म्हणाले, "ताई, अंधारी खोली आहे, पांढरा मारा, उजेड येईल." मलाही ते पटलं. दोन हात मारून झाले, वास गेला, आणि आई दारात उभी राहून म्हणाली, "भिंतींना राख फासल्यासारखं वाटतंय गं." खरंच तसं दिसत होतं. कोपरे तर मळकट वाटत होते, रंग ताजा असूनही.

पांढरा रंग पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकतो हे खरं, पण मुळात उजेडच थोडा असेल तर परत फेकणार काय? स्वतःची छटा नसल्यामुळे तो सावलीचा करडेपणा जसाच्या तसा दाखवतो. पुन्हा रंगवायचं ठरलं, तेव्हा मी आधी खोलीत येणारा उजेड कसा आहे ते बघायचं ठरवलं.

झेरॉक्सचा कोरा कागद भिंतीवर चिकटवला आणि सकाळी अकराला, दुपारी चारला आणि रात्री ट्यूबखाली पाहिला. दिवसा त्यावर स्पष्ट हिरवट झाक होती, म्हणजे आमच्या खोलीत येणारा उजेड शेजारच्या भिंतीवरून रंगून येत होता. रात्री तोच कागद निळसर दिसला. ट्यूबच्या खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेलं होतं, हा थंड, निळसर उजेड. रंग निवडण्याआधी मी ती ट्यूब बदलून ४००० केल्व्हिनची लावली. खोलीत दिवसभर दिवाच जळणार असेल, तर रंगही त्याच दिव्याखाली पारखायला हवा.

मग तीन छटांचे छोटे डबे आणले: लिंबाकडे झुकणारा पिवळा, फिकट पीच आणि बदामी. थेट भिंतीवर ठिपके मारले नाहीत, कारण शेजारचा पांढरा रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांचे पुठ्ठे घेतले, प्रत्येक रंगाचे दोन-दोन, आणि दोन हात मारून पूर्ण वाळू दिले. ओला रंग वेगळा दिसतो. एकाच रंगाचे दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात, एकमेकांकडे तोंड करून उभे केले. ही युक्ती फार उपयोगी पडली. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की त्या रंग एकमेकींवर फेकतात, त्यामुळे शेडकार्डवरच्या चौकोनापेक्षा रंग गडद दिसतो. कोपऱ्यातल्या पुठ्ठ्यांवर ते आधीच कळतं.

पिवळ्याची मला सगळ्यात जास्त आशा होती. हळदीच्या अंगाचा, उबदार वाटला होता. पण दुपारच्या हिरवट उजेडात तो कच्च्या कैरीसारखा दिसू लागला. बदामी दिवसा ठीक, रात्री निस्तेज. पीचमध्ये तांबूसपणा असल्यामुळे तो हिरवी झाक दाबून टाकत होता. दिवसा मऊ बदामी दिसे आणि रात्री पीचच राही. कोपऱ्यात मात्र तो जरा भडक वाटला, म्हणून त्याच पट्टीतली एक पायरी फिकट छटा घेतली. आईला पुठ्ठ्यांजवळ बसवून तिचा चेहराही पाहिला. पिवळ्याशेजारी ती आजारी दिसत होती, पीचशेजारी नाही. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

छत पांढरंच ठेवलं, कारण ट्यूबचा उजेड त्यावर आपटून खाली येतो. भिंतींना चकचकीत फिनिश मात्र ठाम नाकारलं. दादांचं म्हणणं होतं की चमक असली की उजेड वाढतो. पण भिंतीलगतच्या ट्यूबचा उजेड तिरपा पडतो, आणि चमकत्या रंगावर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा आणि ट्यूबची पांढरी रेघ उठून दिसते. धुता येणारा मॅट घेतला.

खोली आता उबदार दिसते, पण उजेड वाढलेला नाही. उलट ही छटा पांढऱ्यापेक्षा थोडा कमीच उजेड परत देते. दासबोध वाचताना आईला अक्षरं पुसट दिसू लागली, म्हणून पलंगाच्या उशाशी वेगळा वाचायचा दिवा बसवला. ट्यूब आता ती संध्याकाळी सातलाच बंद करते आणि तेवढ्याच दिव्यात बसते.